पिन आत जाते, ट्रे बाहेर येत नाही

काकूंनी काउंटरवर फोन ठेवला तेव्हा सिमचा ट्रे एका कडेने दोन मिलिमीटर बाहेर आला होता आणि दुसऱ्या कडेने जवळजवळ आतच होता. अर्धवट उघडून अडकलेला ड्रॉवर जसा तिरका दिसतो, तसा. सोबत एक रुमाल होता, आणि त्यात एक वाकलेली पिन, एक सेफ्टी पिन आणि कानातल्या कुड्यांपैकी एक.

"दादा, पुतण्याने दोन तास खटपट केली. पिन आत जाते हो, पण हे बाहेर येत नाही. शेवटी पक्कड घेतली तेव्हा मीच थांबवलं."

थांबवलंत ते बरं केलंत, असं मी मनापासून म्हणालो. साताऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि या कामात आलेल्या फोनांपैकी ट्रे अडकल्यामुळे बिघडलेले थोडे असतात, ओढाओढीने बिघडलेले जास्त. ट्रे का येत नाही हे कळायच्या आधीच माणसं तो काढायला लागतात. खरं तर पिन हातात असताना बोटाला जे जाणवतं, त्यातूनच कारण बहुतेक वेळा कळतं. ते कसं, हे समजण्यासाठी आधी आत काय असतं ते पाहू.

पुष्कळांना वाटतं की आत स्प्रिंग आहे आणि पिन दाबली की ती ट्रे बाहेर ढकलते. बहुतेक फोनांत तशी स्प्रिंग नसतेच. असते ती एक छोटी धातूची तरफ. मुलांच्या सी-सॉची कल्पना करा आणि तो आडवा पाडा. मध्ये खिळा, दोन बाजूंना दोन दांडे. तुम्ही भोकातून पिन आत रेटता तेव्हा ती तरफेचं एक टोक आत ढकलते, कधी थेट, कधी ट्रेच्या कडेने गेलेल्या एका बारीक सळईमार्फत. तरफ खिळ्याभोवती फिरते, आणि तिचं दुसरं टोक ट्रेच्या मागच्या कडेला टेकून त्याला बाहेर ढकलतं. म्हणजे पिन जेवढी आत जाईल त्या प्रमाणातच ट्रे बाहेर येणार. ट्रे उडी मारून बाहेर येत नाही, तुमच्याच बोटाच्या जोराने येतो. तो आत धरून ठेवणारं दुसरं काही फारसं नसतं. बाजूच्या पत्र्याची थोडी पकड असते आणि पाण्यापासून जपलेल्या फोनांत ट्रेच्या तोंडाला एक रबरी कडं असतं.

ट्रेच्या खाली किंवा वर, सिमची सोनेरी बाजू जिकडे असेल तिकडे, बारीक पत्र्याच्या जिभा उभ्या असतात. आम्ही त्यांना नुसतं पिना म्हणतो. एका सिमसाठी सहसा सहा, मेमरी कार्डासाठी आठ. या जिभा थोड्या वर उचललेल्या असतात, म्हणजे सिम आत आल्यावर त्या त्याच्यावर दाबून बसतात आणि संपर्क राहतो. ट्रेला मध्ये खिडकी ठेवलेली असते ती याचसाठी. जिभा त्या खिडकीतून वर येऊन सिमला टेकतात. एवढी रचना डोळ्यांसमोर ठेवली की पुढचं सगळं उलगडतं, कारण अडचणी मुळात दोनच जातींच्या आहेत. एक तर तुमचा जोर ट्रेपर्यंत पोहोचत नाही, नाहीतर ट्रेला आत कुणीतरी पकडून ठेवलं आहे. पहिल्या जातीत ओढलं तर चालतं. दुसऱ्या जातीत ओढलं तर जिभा तुटतात.

आता पिन हातात घ्या आणि ती काय सांगते ते पाहा. भोकात ती सरळ, काटकोनात जायला हवी. तिरकी गेली तर तरफेच्या शेजारून निसटते. थोडी आत गेल्यावर काहीतरी कठीण लागावं, आणि तिथून जरा नेटाने दाबल्यावर ट्रेची कड सुटावी. दाराची घट्ट कडी सरकवताना अंगठ्याला लागतो तेवढा जोर पुरतो.

कठीण काही लागलंच नाही, मऊ लागलं आणि स्पंजासारखं दबलं, तर लगेच थांबा. ते भोक ट्रेचं नाही, माइकचं आहे. बहुतेक फोनांत ट्रेचं भोक ट्रेच्या चौकटीच्या आतच असतं, आणि माइकचं भोक ट्रेच्या रेषेबाहेर, फोनच्या कडेवर. ट्रे खालच्या बाजूला असेल तर दोन्ही जवळजवळ येतात आणि घाईत गफलत होते. माइकच्या भोकाआड बारीक जाळी आणि पातळ पडदा असतो, तो पिनेने फाटला की पलीकडच्या माणसाला तुमचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातो.

कठीण लागलं पण दाबूनही काहीच हललं नाही, तर पुष्कळदा पिनच कमी पडत असते. फोनसोबत येणाऱ्या सगळ्या पिना सारख्या लांबीच्या नसतात. एका फोनची पिन दुसऱ्याला आखूड पडते. फोनचं कव्हर चढवलेलं असेल तर आणखी मिलिमीटरभर लांबी त्यातच जाते, म्हणून कव्हर आधी काढा. घरात पर्याय शोधायचा तर कागदाची मोठी क्लिप सरळ करून घ्यावी, तिची तार जाड आणि बोथट असते. कानातल्याचा दांडा चालतो, काकूंनी तो विचार बरोबर केला होता, फक्त दांडा आखूड होता. शिवणाची सुई आणि सेफ्टी पिन मात्र नको. टोक अणकुचीदार असल्यामुळे ते तरफेला ढकलत नाही, तिच्यावरून घसरून शेजारी रुततं. स्टेपलरची पिन वाकते. दात कोरायची काडी आत मोडते, आणि मग त्या भोकात काहीच जात नाही.

पाण्यापासून जपलेल्या फोनांत, ट्रे वर्षानुवर्षं उघडलेला नसेल तर, रबरी कडं धूळ आणि घाम धरून कडेला चिकटून बसतं. पिन बरोबर लागते, पण पहिला दाब फार जड जातो. अशा वेळी मी आधी अंगठ्याने ट्रे आतल्या बाजूला दाबतो, दोन-तीनदा, म्हणजे रबर सुटतं. मग पिन. बहुतेक ट्रे इथेच येतात.

तिसरी गत म्हणजे पिन विनाअडथळा खोल जाते, काहीच लागत नाही, ट्रे ढिम्म. इथे तरफ वाकलेली असते किंवा सळई जागेवरून निसटलेली असते. आधी कुणीतरी तिरक्या पिनेने जोर केलेला असतो. ही अवस्था ऐकायला वाईट वाटते, पण सिम आणि जिभा बहुतेक वेळा ठीक असतात. ट्रेला कुणी धरलेलं नसतं, फक्त ढकलणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून इथे ओढायला हरकत नाही. पातळ तारेचं टोक जेमतेम एक मिलिमीटर वाकवून आकडा करायचा, भोकातून आत घालून पाव फेरा फिरवायचा, म्हणजे तो ट्रेच्या तोंडाच्या मागे अडकतो, आणि सरळ रेषेत ओढायचं. ट्रेच्या कडेला फट असेल तर नखाने किंवा गिटारच्या पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलून मदत करावी. ब्लेडने नको, कड सोलली जाते. तरफ नंतर दुकानात सरळ करून मिळते, आणि नाही केली तरी पुढच्या वेळी आकडा आहेच.

चौथी गत काकूंच्या फोनची. पिन बरोबर लागते, ट्रे हलतो, मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर येतो, आणि मग एकाएकी थांबतो, भिंतीला लागल्यासारखा. पुन्हा आत ढकलला तर जातो, पुन्हा बाहेर काढला तर त्याच जागी थांबतो. ही त्याच जागेची खूण फार महत्त्वाची. घर्षण असतं तर अडकण्याची जागा बदलत राहिली असती. एकाच जागी थांबतो याचा अर्थ आत कशाचा तरी कोपरा कशाच्या तरी जिभेत अडकला आहे. इथे पक्कड म्हणजे जिभांचा शेवट.

"काकू, यातलं सिम किती जुनं आहे?"

"नंबर बटणांच्या फोनपासूनचा. मुलाने हा फोन दिला तेव्हा दुकानात कात्रीने कापून बसवून दिलं होतं."

उत्तर मिळालं. जुनी मिनी आणि मायक्रो सिमं ०.७६ मिलिमीटर जाडीची असतात. आत्ताचं नॅनो सिम लांबी-रुंदीने तर लहान आहेच, १२.३ बाय ८.८ मिलिमीटर, पण ते पातळही आहे, ०.६७ मिलिमीटर. कात्रीने किंवा कटरने लांबी-रुंदी जुळवता येते, जाडी नाही. फरक शतांश मिलिमीटरात नऊ, वहीच्या एका पानाएवढा. जिथे सगळी जागाच मिलिमीटरपेक्षा कमी आहे तिथे एक पानही जास्त होतं. असं सिम ट्रेच्या कडेपेक्षा वर उभं राहतं, आत जाताना वरच्या पत्र्याला घासून जातं. दाबून बसवलं की बसतं आणि वर्षानुवर्षं चालतंही. काढताना मात्र ट्रे बाहेर निघतो, सिम मागेच राहायला बघतं, एक कोपरा खोबणीतून वर उचलला जातो आणि दुसरा खाली जिभांमध्ये रुततो. शिवाय कात्रीने कापलेल्या कडेला बारीक कंगोरे असतात, ते वेगळेच.

काम सुरू करण्याआधी मी एक गोष्ट विचारली. ट्रेमध्ये आणखी काही आहे का? होतं. त्याच ट्रेच्या दुसऱ्या खणात मेमरी कार्ड, आणि त्यावर नातवाच्या बारशापासूनचे सगळे फोटो. दुसरीकडे कुठे नव्हते.

म्हणून मी ट्रे बाहेर ओढला नाही, हळूच पुन्हा आत ढकलला. दोन बोटांनी, न रेटता. तो पूर्ण बसला, फोन चालू केला, आणि मेमरी कार्ड ओळखलं गेलं. आधी सगळे फोटो फोनमध्ये उतरवून घेतले, पंचवीस मिनिटं गेली. अडकलेल्या कार्डाच्या बाबतीत ही संधी अनेकदा असते आणि घाईत हुकते. कार्ड अजून वाचलं जात असेल तर काढण्याआधी त्यातलं सगळं काढून घ्यावं. एक गोष्ट अधिक तपासावी. काही अँड्रॉइड फोनांत कार्ड फोनचीच अंतर्गत जागा म्हणून जोडलेलं असतं. तसं असेल तर त्यावरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि तो फक्त त्याच फोनमध्ये उघडतो, बाहेर काढून दुसरीकडे लावून उपयोग नाही. काकूंचं कार्ड साधं होतं. सेटिंगमध्ये Storage मध्ये जाऊन Eject केलं आणि फोन पूर्ण बंद केला.

बंद करणं ही औपचारिकता नाही. त्या जिभांपैकी काहींवर फोन चालू असताना वीज असते. थोडीच, पण धातूचा चिमटा दोन जिभांना एकदम टेकला तर बोर्डावरचा एखादा भाग जायला तेवढी पुरते.

आता खरं काम. ट्रे पुन्हा पिनेने दोन मिलिमीटर बाहेर आणला, म्हणजे तोंडाशी फट मिळाली. बॅटरीच्या उजेडात भिंगातून आत पाहिलं. घरी हे दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहता येतं. जिभा खालच्या बाजूला होत्या आणि सिमचा एक कोपरा ट्रेच्या खिडकीतून खाली झुकलेला दिसत होता. तो ज्या जिभेसमोर अडकला होता ती दबली तरच तो पुढे सरकणार. बाहेरून जिभेपर्यंत बोट पोहोचत नाही, चिमटाही पोहोचत नाही. पोहोचते ती पातळ पट्टी.

पट्टी कसली? पारदर्शक, लवचिक, गुळगुळीत प्लॅस्टिकची, कागदापेक्षा किंचित जाड. फोटोंची जुनी निगेटिव्ह उत्तम. ओएचपीची पारदर्शक शीट चालते. नव्या स्क्रीनगार्डवरून सोलून काढतो ती फिल्म जरा मऊ पडते, पण वेळ निभावते. कागद वापरू नये, तो आत फाटतो आणि तुकडा मागे राहतो. मी निगेटिव्हची आठ मिलिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर लांब पट्टी कापली, पुढचे दोन्ही कोपरे कात्रीने गोल केले. कोपरा टोकदार राहिला तर तोच एखाद्या जिभेखाली शिरून तिला उचलतो, आणि एका अडचणीच्या दोन होतात.

ट्रेला मी आधी अर्धा मिलिमीटर परत आत ढकललं. बाहेरच्या दिशेने ताण असेल तोपर्यंत कोपरा जिभेवर घट्ट दाबलेला असतो, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये काहीच शिरत नाही. ताण सोडला की केसभर जागा होते. मग पट्टी ट्रेच्या पोटाला चिकटवून आत सरकवली. फोनच्या तळाला चिकटवून सरकवली तर ती जिभांच्या मुळाशी जाऊन थडकते. ट्रेच्या बाजूने गेली तर जिभांच्या पाठीवरून जाते आणि त्यांना खाली दाबत जाते. इथे हाताला एक गोष्ट जाणवते. पट्टी जिभेवर चढताना बारीकसा ठेचा लागतो, आणि पलीकडे उतरली की सुटल्यासारखं वाटतं. पहिल्या खणाच्या जिभा पार झाल्या. दुसऱ्या खणाशी पट्टी थांबली. रेटली नाही. अर्धा सेंटिमीटर मागे घेतली, डावीकडे जरा झुकवली, पुन्हा नेली. तिसऱ्या वेळी गेली.

रेटायचं नाही हे मी इतक्यांदा सांगतो, कारण इथे पट्टी जर कठीण थांबली तर एखादी जीभ आधीच उभी वळलेली असते. तिला पट्टीने दाबणं म्हणजे तिला मुळापासून दुमडणं. दोन-तीनदा प्रयत्न करून पट्टी जात नसेल तर घरचं काम तिथेच संपतं.

पट्टी पूर्ण आत गेल्यावर डाव्या हाताने पिनेचा हलका दाब दिला आणि उजव्या हाताच्या बोटांनी ट्रे आणि पट्टी एकत्र धरून सरळ बाहेर घेतली. पट्टी मागे ठेवून नुसता ट्रे ओढायचा नाही, दोघांनी सोबत यायचं, म्हणजे सगळ्या जिभा शेवटपर्यंत झाकलेल्या राहतात. दोन मिलिमीटरच्या त्या जागी क्षणभर अडलं, मग सुटलं, आणि ट्रे बाहेर आला. सिम त्यात तिरकं बसलेलं होतं, तीन कडा दातेरी, एका कोपऱ्यावर जिभेचा ओरखडा.

भिंगाखाली पाहिलं तेव्हा सहापैकी एक जीभ शेजारच्या जिभेकडे झुकलेली होती. बारीक सुईने ती हळूच मागे आणली. हे मी सूक्ष्मदर्शकाखाली करतो, उघड्या डोळ्यांनी करू नये. तुटली असती तर पुढचं कोणत्या जागेची तुटली यावर होतं. सिमच्या एका बाजूच्या तिघींपैकी मधल्या एका जिभेचा बहुतेक फोनांत रोजच्या वापरात उपयोगच नसतो, ती गेली तरी सिम चालतं. उरलेल्या पाचांपैकी एक जरी गेली तरी फोन सिम नाही म्हणून सांगतो, आणि मग आख्खा सिम सॉकेट बोर्डावरून गरम हवेने उतरवून नवा बसवावा लागतो. ते बारीक काम आहे, शेजारचं प्लॅस्टिक वितळू न देता करायचं असतं, आणि सगळ्यांना नीट जमतं असं नाही. कोणाकडे देताय ते बघून द्यावं.

कापलेल्या सिमपेक्षा वाईट गोष्ट एकच मी पाहिली आहे, रिकामं अॅडॉप्टर. नॅनो सिम मोठ्या खाचेत बसवायला जी प्लॅस्टिकची चौकट मिळते, ती काही जण सिम काढून घेतल्यावर तशीच आत घालून ठेवतात, हरवू नये म्हणून. चौकटीच्या मधल्या रिकाम्या खिडकीत सगळ्या जिभा वर येऊन उभ्या राहतात. चौकट बाहेर ओढली की तिची मागची कड या उभ्या जिभांना मागून पकडते. सिम असताना जिभा दबलेल्या असतात, रिकाम्या चौकटीत त्यांना दाबणारं काहीच नसतं. इथे पट्टीशिवाय उपाय नाही, आणि पट्टी घालूनही एखादी जीभ जाते. म्हणून असा फोन आला की मी आधीच सांगून टाकतो.

तसाच एक जुना उद्योग म्हणजे सिमची चिप सोलून मेमरी कार्डावर चिकटवणं. दुसरं सिम आणि कार्ड एकाच खणात दोन्ही चालावं म्हणून लोक ते करत. फोन तापला की गोंद मऊ होतो, चिप सरकते आणि ट्रे आतून चिकटतो. ते फोन अजूनही अधूनमधून येतात. अशा वेळी बाहेरून पट्टी घातली तर तीही गोंदात अडकते, तेव्हा सरळ उघडायला द्यावा.

मेमरी कार्डासाठी ट्रे नसलेले फोन आणि कॅमेरे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यात खरंच स्प्रिंग असते. कार्ड दाबलं की आतली बारीक तार बदामाच्या आकाराच्या खोबणीत जाऊन अडकते, पुन्हा दाबलं की सुटते. कार्ड बाहेर येत नसेल तर ओढण्याआधी नखाने पूर्ण आत दाबावं, टिक असा आवाज येईपर्यंत, आणि बोट हळूच सोडावं. बोट एकदम उचललं तर कार्ड उडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं. दाबूनही टिक होत नसेल तर तार जागेवरून गेली किंवा स्प्रिंग थकली. तेव्हा वरच्या पट्टीच्याच टोकाला दुहेरी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावून तो कार्डाच्या सपाट पाठीवर दाबावा, सोनेरी बाजूवर कधीच नाही, आणि मिनिटभराने सरळ ओढावं. मोकळं कार्ड याने येतं. झटपट चिकटणारा गोंद मात्र काडीला लावून आत घालू नका. हा सल्ला कुठून पसरला माहीत नाही, पण गोंद वाहून जिभांवर जातो आणि मग कार्ड, सॉकेट आणि काडी तिन्ही एक होतात.

तेल, स्प्रे, ड्रायर, फोन हातावर आपटणं, यांतलं काहीही करू नये. तेल जिभांवर थर धरतं, ड्रायरने आधी पाठीचा आणि स्क्रीनचा गोंद सुटतो, ट्रे नंतर.

घरचे उपाय संपले की फोन उघडावा लागतो. पाठ गरम करून सोडवायची, सगळ्यात आधी बॅटरीची तार काढायची, मग सॉकेटवरची पट्टी काढून तरफ मागून ढकलायची. पाठीमागून ट्रे स्पष्ट दिसतो, म्हणून तिथे अंदाजाने काम करावं लागत नाही. ट्रे तोंडाशी मोडलेला असेल तर हाच मार्ग. पाण्यापासून जपलेला फोन उघडला की कडेचं सील मोडतं, नवं लावलं तरी पूर्वीइतकं खात्रीचं राहत नाही, हे दुरुस्तीवाल्याने आधी सांगायला हवं. आणि सॉकेट पूर्ण गेला, बदलायचा खर्च परवडत नाही, तरी फोन लगेच टाकू नका. `*#06#` डायल करा. आलेल्या आकड्यांत EID असं काही दिसलं तर त्या फोनला ई-सिम चालतं. नंबर ई-सिमवर घेतला की अडकलेलं सिम आत राहिलं तरी हरकत नाही.

काकूंना मी ते कापलेलं सिम पुन्हा त्या ट्रेमध्ये बसवू दिलं नाही. नवं नॅनो घ्या, नंबर तोच राहतो, म्हटलं. पण एक गोष्ट सांगून ठेवली. सिम बदललं की चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत, फसवणुकीला आळा म्हणून तसा नियम आहे. बँकेचा ओटीपीही त्यात अडकतो.

"उद्या गॅस सिलेंडरचं बुकिंग आहे, आणि पेन्शनचं बँकेत बघायचं आहे," त्या म्हणाल्या.

"मग आज ते सगळं आटपून घ्या. जुनं सिम माझ्याकडच्या या मोठ्या खाचेच्या फोनमध्ये चालतं का ते बघू."

चाललं. काउंटरवर बसूनच त्यांनी सिलेंडर बुक केला, बँकेचं बघून घेतलं. मग जुनं सिम रुमालात कुडीशेजारी ठेवून त्या नवं आणायला गेल्या.